‘ली’वर पिच तिप्पट का होते: ऑटोकोरिलेशनचं शिखर आणि फ्रेमची लांबी

प्रश्न: मी ऐरोलीत राहतो, ठाण्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी स्वतःच्या आवाजात ‘ऐरोली’ हा शब्द मोबाईलवर रेकॉर्ड केला, १६ किलोहर्ट्झ, मोनो. २० मिलिसेकंदांची फ्रेम, हॅन विंडो, मग ऑटोकोरिलेशन, आणि ६० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यातलं सगळ्यात उंच शिखर घेतो. ‘ऐरो’पर्यंत पिच १२० च्या आसपास बरोबर येते, ‘ली’ आलं की ३०० वर उडी मारते. फ्रेम ६० केली की ‘ली’ सुधारतं, पण मधला उतार सपाट होतो आणि काही फ्रेम अघोष ठरतात. फ्रेम नेमकी किती ठेवायची?

उत्तर:

तुमची आहे तीच पद्धत ठेवायची असेल तर फ्रेम ४० मिलिसेकंद करा. हॅन विंडो लावून साधं ऑटोकोरिलेशन काढताना फ्रेममध्ये सगळ्यात खालच्या पिचची निदान तीन आवर्तनं बसायला हवीत. तुमचा आवाज ८० हर्ट्झच्या खाली जात नाही असं धरलं, तर एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, म्हणजे तीन आवर्तनांना साडेसदतीस. पण माझं मत विचाराल तर पद्धतच थोडी बदला. लांब फ्रेमची गरज मुळात विंडोमुळे पडते आहे आणि ती गरज टाळता येते. ते कसं, ते पुढे येईलच. आधी ३०० हा आकडा कुठून आला ते पाहू, कारण तो योगायोगाने आलेला नाही.

‘ली’वर तुमचा आवाज १०० हर्ट्झच्या आसपास उतरलेला असणार. शब्दाच्या शेवटी आवाज उतरतोच. १६ किलोहर्ट्झला १०० हर्ट्झचं आवर्तन १६० सँपलचं होतं आणि तुमची फ्रेम आहे ३२० सँपलची. लॅग १६० ला, म्हणजे फ्रेमची प्रत १६० सँपलनी सरकवून, ऑटोकोरिलेशन काढताना फ्रेमचा पहिला अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याशी गुणला जातो, उरलेल्या सँपलना जोडीदारच नसतो. त्यामुळे आवाज अगदी तंतोतंत आवर्ती असला तरी विंडो न लावता हे शिखर शून्य लॅगच्या मूल्याच्या निम्म्यावर येतं. साधा हिशेब आहे: १ वजा लॅग भागिले फ्रेम. हॅन विंडोने परिस्थिती आणखी बिघडते. विंडो दोन्ही टोकांना शून्यावर उतरते, म्हणून एका अर्ध्याचा जोरकस भाग दुसऱ्या अर्ध्याच्या दबलेल्या भागाशी गुणला जातो. हॅन विंडोच्या स्वतःच्या ऑटोकोरिलेशनचं सूत्र असं आहे, त्यात u म्हणजे लॅग भागिले फ्रेमची लांबी:

```
R(u) = (1-u)*(2/3 + (1/3)*cos(2*pi*u)) + sin(2*pi*u)/(2*pi)
```

u = ०.५ घातलं की उत्तर येतं ०.१७. खरं शिखर मूळ उंचीच्या सहाव्या हिश्श्यावर आलं. १२० हर्ट्झला आवर्तन लहान असतं, u येतो ०.४२ आणि R येतं ०.३०. म्हणजे पिच १२० वरून १०० वर उतरली एवढ्यानेच शिखराची उंची जवळजवळ निम्मी झाली. आवाजात काही बिघडलेलं नाही, फक्त आवर्तन फ्रेमच्या मानाने मोठं झालं.

आता खोट्या शिखराकडे वळू. ‘ई’ या स्वराचा पहिला फॉर्मंट, म्हणजे मुखाच्या पोकळीचा सगळ्यात खालचा अनुनाद, पुरुषाच्या आवाजात साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. १०० हर्ट्झच्या आवाजाचा तिसरा हार्मोनिक नेमका तिथेच पडतो आणि फुगतो. समजा फ्रेमच्या एकूण शक्तीपैकी ६० टक्के तिसऱ्या हार्मोनिकात आहे, २५ टक्के पहिल्यात आणि १५ टक्के दुसऱ्यात. तर लॅग ५३ ला, म्हणजे आवर्तनाच्या एक तृतीयांशावर, तिसरा हार्मोनिक पूर्ण जुळतो (अधिक ०.६०), पहिला आणि दुसरा मात्र उणे अर्ध्याने मोजले जातात (उणे ०.१२५ आणि उणे ०.०७५). बेरीज ०.४०. खऱ्या आवर्तनावर, लॅग १६० ला, सगळे जुळतात, बेरीज १. विंडो नसती तर १ विरुद्ध ०.४० असा सामना होता, त्यात चुकायला जागाच नव्हती. पण या दोन्ही आकड्यांना आपापल्या लॅगच्या R ने गुणावं लागतं, आणि R लहान लॅगला फारसं दाबत नाही:

| हॅन फ्रेम (मिलिसेकंद) | खरं शिखर, १०० हर्ट्झ | खोटं शिखर, ३०० हर्ट्झ |
|---|---|---|
| २० | ०.१७ | ०.३३ |
| ३० | ०.४७ | ०.३७ |
| ४० | ०.६६ | ०.३८ |
| ६० | ०.८३ | ०.३९ |

पहिली ओळ म्हणजे तुमचा ‘ली’. ३० ला खरं शिखर जिंकतं, पण थोडक्यात, आणि थोडा गोंगाट मिसळला की पुन्हा हरतं. ४० नंतर निश्चिंत. हे आकडे ढोबळ आहेत, कारण सिग्नलचं ऑटोकोरिलेशन गुणिले विंडोचं ऑटोकोरिलेशन हे समीकरण फ्रेममध्ये जेमतेम दोन आवर्तनं असताना नेमकं लागू होत नाही. फ्रेम आवर्तनात कुठे सुरू झाली यावर उंची थोडी वरखाली होते. तरी कोण जिंकेल याचा अंदाज त्यावरून चांगला येतो.

मग ‘रो’ मध्ये हेच का झालं नाही? तिथे दोन गोष्टी तुमच्या बाजूने होत्या. एक तर १२० ला खरं शिखर ०.३० वर होतं. दुसरं म्हणजे ‘ओ’चा पहिला फॉर्मंट साडेचारशे ते पाचशेच्या घरात असतो, त्याचं खोटं शिखर लॅग ३३ च्या आसपास पडतं. तुमचा शोध लॅग ४० पासून (४०० हर्ट्झ) सुरू होतो, म्हणून ते शिखर शोधपट्ट्यात आलंच नाही. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांचे पहिले फॉर्मंटच एवढे खाली असतात की ते पिचच्या पट्ट्यात घुसतात. म्हणून पिचचा कोणताही प्रोग्रॅम तपासताना ‘आ’ वर तपासून समाधान मानू नये. उतरत्या आवाजातला ‘ई’ द्यावा, दोष असेल तर तिथे दिसतो.

आता दुसरं टोक, ६० मिलिसेकंद. ‘रो’पासून ‘ली’पर्यंत पिच १२० वरून १०० वर समजा १०० मिलिसेकंदांत उतरली, म्हणजे सेकंदाला २०० हर्ट्झ या वेगाने. ६० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये एका आवर्तनाचा लॅग वजा केला तर तुलना सुमारे ५१ मिलिसेकंदांवर होते. तेवढ्या वेळात पिच दहा हर्ट्झ सरकते, म्हणजे मधल्या ११० च्या दोन्ही बाजूंना साधारण साडेचार टक्के. कुठलाही एक लॅग घेतला तरी तो फ्रेमच्या मध्यालाच बरोबर बसतो, टोकांना चुकतो. पहिल्या हार्मोनिकला या चुकीचं काही वाटत नाही, तो जेमतेम १७ अंशांनी हलतो. चौथा मात्र टोकांना ६६ अंशांपर्यंत सरकतो आणि शिखरातला त्याचा वाटा सुमारे ७९ टक्क्यांवर येतो. दहावा हार्मोनिक, ११०० हर्ट्झचा, जवळजवळ संपतोच, ८ टक्के उरतो. ३० मिलिसेकंदांच्या फ्रेमला हेच आकडे ९६ आणि ७८ टक्के आहेत. हा हिशेब विंडो न लावलेल्या फ्रेमचा आहे. हॅन विंडो टोकं दाबते, म्हणून तिच्या ६० मिलिसेकंदांत नुकसान एवढं होत नाही, पण दिशा तीच असते.

शिखर असं बसकं झालं की ते घोष-अघोषच्या उंबरठ्याखाली जातं. तुमच्या ‘काही फ्रेम अघोष ठरतात’ याचं कारण बहुधा हेच. त्या फ्रेम उतारावरच्याच आहेत का, हे स्पेक्ट्रोग्रामशी ताडून पाहा. आणि उंबरठा एकच आकडा ठेवून फ्रेमची लांबी बदलत असाल तर तेही थांबवा. २० मिलिसेकंदांच्या हॅन फ्रेममध्ये १०० हर्ट्झचा निर्दोष आवाजही ०.१७ वर असतो. तिथे ०.३ चा उंबरठा लावला तर सगळा ‘ली’ अघोष, आणि ६० च्या फ्रेममध्ये तोच उंबरठा फारच सैल.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण फ्रेम वाढवण्यामागे बऱ्याचदा तो असतो. एफएफटीमध्ये लांब फ्रेम घेतली की वारंवारतेच्या रेषा जवळजवळ येतात, ५० मिलिसेकंदांना २० हर्ट्झचं अंतर. ऑटोकोरिलेशनमध्ये तसं होत नाही. इथे बारकावा लॅगच्या पायरीवर ठरतो आणि ती पायरी म्हणजे एक सँपल, फ्रेम कितीही असो. १६ किलोहर्ट्झला लॅग १६० म्हणजे १०० हर्ट्झ आणि १६१ म्हणजे ९९.४, हे पुरेसं बारीक आहे. पण वरच्या टोकाला लॅग ४० म्हणजे ४०० आणि ४१ म्हणजे ३९०, दहा हर्ट्झची उडी. यावर उपाय फ्रेम वाढवणं हा नाही. शिखर आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मूल्यं घेऊन त्यांतून पॅराबोला काढायचा. ती मूल्यं क्रमाने a, b, c असतील तर लॅगमध्ये हे जोडा:

```
d = 0.5*(a - c)/(a - 2*b + c)
```

आता पद्धतीच्या बदलाकडे. एक मार्ग असा की हॅन विंडो ठेवायची, पण आलेल्या ऑटोकोरिलेशनला वरच्या R ने भागायचं. बोअर्स्मा यांनी १९९३ मध्ये हा मार्ग मांडला आणि Praat या ध्वनिविश्लेषणाच्या प्रोग्रॅममध्ये तो आहे. तिथेही पिचची खालची मर्यादा ७५ दिली की विंडो ४० मिलिसेकंदांची घेतली जाते, म्हणजे तीन आवर्तनांचीच. कारण ०.१७ ला ०.१७ ने भागून शिखर १ वर आणता येतं, पण त्या लॅगवरचा गोंगाटही सहापट होतो. भागाकाराने झुकाव जातो, नसलेली माहिती येत नाही.

मला तुमच्या कामासाठी दुसरा मार्ग जास्त योग्य वाटतो. विंडो लावूच नका. ठरावीक लांबीचा एक तुकडा घ्या आणि तो त्याच लांबीच्या, लॅगने पुढे सरकवलेल्या तुकड्याशी ताडा. मग दोन्हींच्या ऊर्जेने भागा. प्रत्येक लॅगला तेवढीच सँपल गुणली जातात, त्यामुळे लॅग वाढला म्हणून शिखर खाली येत नाही. याला नॉर्मलाइज्ड क्रॉस-कोरिलेशन म्हणतात.

```python
x = x.astype(np.float64)
x -= x.mean()

def nccf(x, s, W, kmin, kmax):
    a = x[s:s+W]
    ea = np.dot(a, a)
    r = np.zeros(kmax + 2)
    for k in range(kmin - 1, kmax + 2):
        b = x[s+k:s+k+W]
        r[k] = np.dot(a, b) / np.sqrt(ea*np.dot(b, b) + 1e-9)
    return r
```

पहिली ओळ गाळू नका. `scipy.io.wavfile.read` १६ बिटांची फाईल `int16` म्हणूनच देते आणि त्या दोन ॲरेंचा `np.dot` उत्तरही `int16` मध्येच ठेवतो. पहिल्या दोन्ही ओळी गाळल्या असतील, तर बेरीज ३२७६७ च्या पुढे गेली की ती गुपचूप उलटते, कसलीही एरर येत नाही. आलेख अर्थहीन दिसायला लागतो आणि माणूस दिवसभर फ्रेमची लांबी बदलत बसतो. दुसरी ओळ सरासरी काढून टाकते. तीही हवी, कारण मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये शून्यरेषा सरकलेली असली तर प्रत्येक लॅगला तेवढी उंची फुकटची मिळते आणि शिखर व दरी यांतला फरक कमी होतो.

W साठी २० मिलिसेकंद, म्हणजे ३२० सँपल घ्या. `kmin` ४० आणि `kmax` २६७, म्हणजे ४०० ते ६० हर्ट्झ. एका फ्रेमला एकूण साधारण ३७ मिलिसेकंदांचा सिग्नल लागतो. हॅनच्या ४० एवढाच, पण मोबदला वेगळा: १०० हर्ट्झला प्रत्यक्ष तुलना ३० मिलिसेकंदांत उरकते आणि शिखर पूर्ण उंचीचं मिळतं. पिच जितकी वर, तितका वापरलेला तुकडा लहान. २५० हर्ट्झला तो २४ मिलिसेकंदांचाच होतो.

W आणखी कमी करून चपळाई वाढवायचा मोह होईल. तो एका मर्यादेपर्यंतच धरा. W सगळ्यात लांब आवर्तनापेक्षा लहान झाला, उदाहरणार्थ ५ मिलिसेकंद, तर तो स्वरतंतूंच्या दोन ठोक्यांमधल्या निवांत भागात मावतो. तिथे फक्त फॉर्मंटची उतरती थरथर असते. ती स्वतःशी अतिशय छान जुळते आणि ३०० वर ०.९ च्या पुढचं खोटं शिखर देते. ऊर्जेने भागल्यामुळे उतरत्या थरथरीचा उतारही पुसला जातो, म्हणून धोका आणखी वाढतो. W मध्ये निदान एक ठोका आलाच पाहिजे.

झुकाव काढल्याची किंमतही सांगतो. साध्या ऑटोकोरिलेशनमध्ये मोठ्या लॅगची शिखरं आपोआप खाली राहत, त्यामुळे दुप्पट आवर्तन चुकून निवडलं जात नसे. आता १६० आणि ३२० दोन्ही १ च्या जवळ असतील. तुमच्या आवाजात ३२० शोधपट्ट्याबाहेर आहे, पण १२५ हर्ट्झच्या आवाजात १२८ आणि २५६ दोन्ही आत आहेत. २५० हर्ट्झचा आवाज ‘ई’ म्हणत असेल तर लॅग ६४, १२८, १९२ आणि २५६ अशी चार सारखी शिखरं दिसतील. त्यात आवर्तन साडेचौसष्ट सँपलचं असलं तर १२९ हा लॅग पूर्णांकात नेमका बसतो आणि ६४ किंवा ६५ पेक्षा केसभर उंच निघतो. ‘सगळ्यात उंच’ हा नियम तिथे पिच निम्मी दाखवतो. म्हणून नियम असा ठेवा: सगळ्यात उंच शिखर शोधा, मग त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचणाऱ्या शिखरांपैकी सगळ्यात लहान लॅगचं घ्या. वरच्या उदाहरणातलं ‘ली’चं खोटं शिखर ०.४० वर आहे, ते या चाळणीत सापडत नाही. ८५ हा काही पवित्र आकडा नाही. गोंगाट जास्त असेल तर तो थोडा खाली आणावा लागतो, पण ६० पर्यंत आणला की फॉर्मंटची शिखरं पुन्हा आत शिरायला लागतात.

फ्रेमची लांबी बरोबर आहे का, हे तपासायची माझ्या मते सगळ्यात खात्रीची चाचणी अशी: ‘ली’च्या मध्यावरचा एक क्षण धरा, तो क्षण मध्यभागी ठेवून लांबी २०, २५, ३०, ४०, ६० अशी वाढवत जा आणि प्रत्येक वेळी आलेली पिच लिहा. सुरुवातीला आकडा उड्या मारेल, मग काही लांबींना तोच राहील, आणि शेवटी हळूहळू सरकेल किंवा शिखराची उंची घसरेल. मधल्या स्थिर पट्ट्यातली सगळ्यात लहान लांबी तुमची. यात मध्य स्थिर ठेवणं महत्त्वाचं. फ्रेमची सुरुवात स्थिर ठेवून २० ची ६० केली तर मध्य २० मिलिसेकंद पुढे जातो. उतरत्या पिचवर तेवढ्यात चार हर्ट्झचा फरक पडतो आणि तो लांबीचा परिणाम वाटतो. वरच्या कोडमध्येही वेळेची नोंद `s` ला करू नका, `s + (W+k)/2` ला करा, `k` म्हणजे निवडलेला लॅग.

आकडा कुठेच स्थिर होत नसेल तर त्या फ्रेमचा आलेख डोळ्यांनी पाहा. १६० जवळ शिखर आहे पण बुटकं आहे, तर दोष विंडोचा किंवा निवडीच्या नियमाचा. १६० जवळ शिखरच नाही, तर फ्रेम ‘ल’ आणि ‘ई’च्या सांध्यावर पडली असेल, किंवा शब्दाच्या शेवटी आवाज घोगरा होऊन ठोके अनियमित पडत असतील. दुसऱ्या प्रकारात लांबी बदलून काहीच साधत नाही. तिथे एक पिच अस्तित्वातच नसते, आणि ती फ्रेम कमी विश्वासाची म्हणून नोंदवणं हेच बरोबर.

शेवटी एक तपासणी घरच्या रेकॉर्डिंगसाठी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे चार्जर किंवा लॅपटॉपला जोडलेल्या माइकमधून येणाऱ्या गुणगुणीत १०० हर्ट्झचा घटक बऱ्याचदा ठळक असतो. तुमच्या ‘ली’ची पिचही तीच आहे. ६० हर्ट्झचा हायपास फिल्टर लावला तर ५० दबतो, १०० जवळजवळ तसाच राहतो. शब्द सुरू होण्याआधीच्या शांत भागावर हाच प्रोग्रॅम चालवून बघा. तिथेही पिच १०० आणि शिखर ०.५ च्या वर येत असेल, तर फोन चार्जरवरून काढा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. त्या रेकॉर्डिंगवर फ्रेमचे प्रयोग करण्यात अर्थ नाही.